नाव चढलं का?

जव्हार-मोखाड्यात जमिनीची चौकशी करताना माणसं मालकी कुणाची असं सहसा विचारत नाहीत. ‘नाव चढलं का?’ असं विचारतात. तरुण नवरा गेला, मागे बायको आणि दोन लहान लेकरं राहिली, की पुढची वीस वर्षं याच प्रश्नावर ठरतात. नाव चढलं असेल तर ती घरातली बाई. नसेल तर ती दिराच्या घरात राहणारी बाई. घर तेच, चूल तीच, वावरही तेच.

सासरच्या माणसांनी बाईला हाकलून द्यायचं ठरवलेलं असतंच असं नाही. बहुतेक घरांत काहीच ठरलेलं नसतं. सगळे दुःखात असतात आणि पेरणी तोंडावर आलेली असते. दीर म्हणतो, ‘वहिनी, तू कशाला काळजी करतेस, मी आहे ना.’ तो खरंच तसं मनापासून म्हणत असतो. पण पुढे त्याचं लग्न होतं, त्याची मुलं मोठी होतात, आणि तोंडी दिलेला शब्द त्याच्या बायकोला बांधील नसतो. कागद मात्र सगळ्यांना बांधील असतो. म्हणून हा लेख कागदांबद्दल आहे.

आधी कायद्याची एक अडचण सांगायला हवी, कारण शहरातले वकीलही कधीकधी ती विसरतात. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. त्यात विधवेला नवऱ्याच्या संपत्तीत मुलांच्या आणि सासूच्या बरोबरीने वाटा आहे. पण याच कायद्याच्या कलम २(२) मध्ये लिहिलंय की केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागू होणार नाही. जव्हार आणि मोखाडा हे आदिवासी तालुके. वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी हीच इथली वस्ती. म्हणजे ज्या बाईबद्दल आपण बोलतोय तिला हा कायदा थेट लागू नाही. अल्पवयीन मुलांच्या पालकत्वाचा १९५६ चा हिंदू कायदा आणि सुनेला सासऱ्याकडून पोटगी देणारा कायदा यांतही अशीच तरतूद आहे. तिच्यासाठी उरते ती जमातीची रूढी.

मग रूढीने तिला काही मिळत नाही, असा अर्थ दीर्घकाळ काढला गेला. बाईनेच सिद्ध करावं की आमच्यात बायकांना वाटा देतात, असं न्यायालयं म्हणत. जिथे कुणी काही लिहून ठेवलेलं नाही तिथे ती सिद्ध करणार कशी? १७ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रामचरण विरुद्ध सुखराम या छत्तीसगडच्या गोंड कुटुंबाच्या खटल्यात हे उलटं केलं. बायकांना वगळण्याची रूढी आहे असं गृहीत धरता येणार नाही, आणि रूढी कुठल्याच बाजूने सिद्ध होत नसेल तर समानता आणि न्यायबुद्धी यांवरून निर्णय व्हावा, असं न्यायालय म्हणालं. तो खटला एका आदिवासी लेकीच्या वारसांचा होता, विधवेचा नव्हे. तरी तर्क तोच आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हिमाचलच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की उच्च न्यायालयाने आपल्या आदेशाने हिंदू वारसा कायदा आदिवासींवर लागू करायचा नाही, ते काम केंद्राचं. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये कमला नेती यांच्या खटल्यात न्यायालयाने केंद्राला तसा बदल करण्याचा विचार करा असं सांगितलं होतं. म्हणजे दार उघडं आहे, पण उंबरठा अजून तिथेच आहे.

सुदैवाने गावपातळीवर चित्र वेगळं आहे. वारस नोंदीच्या अर्जात मयताची बायको, मुलगे, मुली, आई अशी सगळ्यांची नावं, वयं आणि नाती लिहायची असतात, आणि कुणी हरकत घेतली नाही तर ती सगळी चढतात. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, जमातीच्या रूढीवर भाषण देत बसत नाहीत. वाद असेल तरच कायद्याचं ते कलम २(२) कुणाच्या तरी तोंडी येतं. म्हणूनच वेळ महत्त्वाची. वाद उभा राहण्याआधी नाव चढलं तर निम्मी लढाई झालेली असते.

आता एक घर डोळ्यांसमोर आणू. हे घर मी बेतलेलं आहे, पण त्यातला प्रत्येक कागद खरा असतो. मोखाड्याच्या खोडाळ्याकडच्या एका पाड्यावरची सव्वीस वर्षांची बाई. मुलगी सहा वर्षांची, मुलगा तीन. नवरा वीटभट्टीच्या कामाला भिवंडीला गेला होता, तिथेच गेला. घरी सासू, दोन दीर आणि लग्न झालेली एक नणंद. सासरे दहा वर्षांपूर्वी वारले, तरी सातबारा अजून त्यांच्याच नावावर. क्षेत्र १ हेक्टर २० आर. शिवाय वनहक्काचा ६० आरचा पट्टा, ज्याला इथे सगळे ‘प्लॉट’ म्हणतात. आणि एक घरकुल.

पहिला कागद मृत्यूचा दाखला. तो इथे मिळणार नाही. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथेच होते, म्हणजे भिवंडीतल्या निबंधकाकडे. प्रेत गाडीत घालून पाड्यावर आणलेलं असतं, दिवस झालेले असतात, आणि नोंदीचं कुणाच्या लक्षातच राहत नाही. २१ दिवसांत नोंद झाली तर सोपं. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्याचा आदेश आणावा लागतो. दाखला नाही तर वारस नाही, विमा नाही, काहीच नाही. मला वाटतं भिवंडीहून गाडी निघायच्या आधीच सोबतच्या कुणीतरी रुग्णालयाचा कागद जपून घेणं, हे त्या घरातल्या सगळ्यांत मोठ्या उपकारांपैकी एक.

दुसरा कागद सातबारा. इथे तिला दोन पायऱ्या चढाव्या लागतात. नवऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नाहीच, त्यामुळे आधी सासऱ्याचे वारस चढायला हवेत आणि मग नवऱ्याच्या जागी ती आणि मुलं. अर्ज तलाठ्याकडे. तो वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये जातो, मग फेरफारात, म्हणजे नमुना ६ मध्ये. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे फेरफाराची प्रत चावडीवर लावतात, संबंधितांना नोटीस देतात आणि हरकतीसाठी साधारण १५ दिवस ठेवतात. हरकत आली तर ती नमुना ६-अ मध्ये लिहून मंडळ अधिकारी सुनावणी घेतो. नोंद त्याच्या सहीने मंजूर होते. विरोधात गेली तर जव्हारच्या उपविभागीय अधिकाऱ्याकडे ६० दिवसांत अपील करता येतं.

आता आकडे. हिंदू कायद्याच्या धर्तीवर हिशेब मांडला आणि जमीन सासऱ्याचीच धरली तर सासू, तीन मुलगे आणि मुलगी असे पाच वाटे होतात. १२० आरचे पाच वाटे, प्रत्येकी २४ आर. नवऱ्याच्या २४ आरात पुन्हा चार जण: बायको, दोन मुलं आणि त्याची आई. प्रत्येकी ६ आर. म्हणजे ती आणि तिची दोन मुलं मिळून १८ आर. इतक्या वावरात वर्षभराची नागली पिकत नाही. तरी हा १८ आरचा आकडा सातबाऱ्यावर असला की घरातून कुणी ‘तुझं काय आहे इथे’ असं म्हणू शकत नाही, आणि तिच्या सहीशिवाय ती जमीन कुठे गहाण पडू शकत नाही.

या पायरीवर दोन चुका वारंवार घडतात आणि दोन्ही अगदी बारीक अक्षरांत असतात. सातबाऱ्यावर मुलांच्या नावांपुढे ‘अ.पा.क.’ असं लिहिलेलं असतं. अज्ञान पालक कर्ता. मुलं लहान आहेत, त्यांच्या वतीने पालक सही करणार. तिथे आईचं नाव हवं. पुष्कळ वेळा काकाचं लिहिलं जातं, कारण तलाठ्याकडे तो गेलेला असतो आणि ती सुतकात घरी बसलेली असते. मग मुलांचा वाटा काकाच्या सहीवर येतो. दुसरं, ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. थोरल्या दिराचं नाव असं एकट्याने चढलं की बाकी सगळे कागदावरून नाहीसे होतात. यांपैकी एकही चूक दिसली तर लगेच लेखी हरकत द्यावी. ‘मी मयताची पत्नी व मुलांची आई, माझं नाव वारस व पालक म्हणून लावावं’ एवढं एक वाक्य पुरतं, पण पोच घ्यायची, तारखेची.

याहून धोक्याचं आहे ते हक्कसोडपत्र. ‘सगळ्यांच्या सह्या घ्यायच्यात, वारस लावायला’ असं सांगून अंगठा घेतला जातो. बाई वाचू शकत नाही, किंवा वाचू शकली तरी तिथे विचारायची हिंमत होत नाही. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र रद्द करून घ्यायला दिवाणी दावा लागतो. मुलांचा हक्क सोडायचा असेल तर प्रश्न मुलांच्या हिताचा आहे, आणि त्यासाठी १८९० च्या पालक व पाल्य कायद्यानुसार जिल्हा न्यायालयाची वाट आहे. काकाच्या अंगठ्यावर ते उरकायचं नसतं. शिवाय आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जायला महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे परवानगी लागते, हा आणखी एक आडकाठीचा दगड आहे. पण घरातल्या घरात, भावाभावांत, तो दगड नाही.

तिसरा कागद प्लॉटचा, आणि मला सगळ्यांत आवडतो तो हाच. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ४(४) मध्ये एक वाक्य आहे: लग्न झालेल्यांना हक्क पती-पत्नी दोघांच्या नावे संयुक्त नोंदवायचा. ती इथे वारस म्हणून येत नाही, ती पहिल्यापासून धारक आहे. नवऱ्याच्या मृत्यूने तिचा हक्क निर्माण होत नाही आणि दुसऱ्या लग्नाने तो संपतो असंही त्या कायद्यात कुठे लिहिलेलं नाही. हा हक्क वारशाने जातो, विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही. म्हणून दिराला तो तिच्याकडून विकत घेता येत नाही, आणि सावकारालाही नाही.

अधिकारपत्र, म्हणजे जोडपत्र दोन, हातात घेऊन पाहा. पहिल्याच ओळीत धारकाचं नाव, पती किंवा पत्नीसह. खाली अवलंबितांची नावं, ग्रामसभा, क्षेत्र, चतुःसीमा. शेवटी तीन सह्या: वन विभाग, आदिवासी विकास विभाग आणि जिल्हाधिकारी. पण कागदावर कायदा एक बोलतो आणि छपाई दुसरं बोलते. अनेक पट्ट्यांवर फक्त नवऱ्याचं नाव आढळतं. अशा वेळी मूळ दाव्याचा नमुना अ मागावा. तो अर्ज ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे दिलेला असतो, त्यात दावेदाराच्या नावाखाली जोडीदाराचं नाव आणि त्याखाली कुटुंबातल्या इतरांची नावं वयांसह लिहायचा रकाना असतो. ती अर्जात आहे आणि पट्ट्यात नाही, याचा अर्थ पट्टा देताना चूक झाली. उपविभागीय समितीमार्फत जिल्हास्तरीय समितीकडे दुरुस्ती मागायला एवढा पुरावा भक्कम आहे. ग्रामसभेच्या वनहक्क समितीत एकतृतीयांश बायका असायलाच हव्यात असा नियम आहे. त्या पाड्यावरच्या बायकांना हे प्रकरण माहीत असतं, आणि त्या समितीच्या ठरावात तिचं नाव वाचलं गेलं की ते गावासमोर वाचलं जातं.

घरकुलाचं सोपं आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत घर पती-पत्नीच्या संयुक्त नावे किंवा बाईच्या नावे मंजूर करण्याचा नियम आहे, विधवा असेल तर तिच्या एकटीच्या. तेव्हा ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, घरपट्टीच्या नोंदीत, आपलं नाव आहे का ते पाहायचं. पण बेतलेल्या घरात एक पेच ठेवतो. घरकुल सासूच्या नावे आहे आणि त्याच्या जोत्यावरच नवऱ्याने दोन खोल्या वाढवल्या आहेत. आता तिचं काय?

इथे राहण्याचा हक्क वेगळा आणि मालकीचा हक्क वेगळा, हे समजून घेणं फार महत्त्वाचं. २००५ च्या घरगुती हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १७ प्रमाणे बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे, त्या घरात तिची मालकी असो वा नसो. हा कायदा सगळ्यांना लागू आहे, आदिवासी बाईलाही. ज्या कलम २(२) ने तिचा वारसा अडवला, तसं कलम या कायद्यात नाही. आणि नवरा नसला तरी हा हक्क संपत नाही.

प्रभा त्यागी यांचा खटला या एकाच मुद्द्यासाठी वाचावा. उत्तराखंडातल्या या बाईचं लग्न १८ जून २००५ ला झालं, आणि १५ जुलैला नवरा मोटार अपघातात गेला. सत्तावीस दिवसांचा संसार. मागाहून मुलगी झाली. सासरच्यांनी घरात राहू दिलं नाही. खालच्या न्यायालयाने तिला काहीसं दिलं, वरच्या दोन न्यायालयांत ती हरली. १२ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. त्यात म्हटलं की सामायिक घरात प्रत्यक्ष राहिलेली नसली तरी बाईला तिथे राहण्याचा हक्क आहे, अर्ज करतेवेळी घरगुती नातं चालू असणं गरजेचं नाही, आणि संरक्षण अधिकाऱ्याचा घरगुती घटना अहवाल नसला तरी न्यायदंडाधिकारी दिलासा देऊ शकतो. मोखाड्याची आमची बाई तर त्या घरात आठ वर्षं राहिली आहे. तिची बाजू प्रभा त्यागींपेक्षा भक्कम आहे.

अर्ज जव्हारच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे होतो. कायदा सांगतो की पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत. प्रत्यक्षात एवढ्या लवकर होत नाही, म्हणून अर्जासोबतच कलम २३ खाली अंतरिम आदेश मागावा, नाहीतर हातातली किल्ली जाते आणि तारखा राहतात. आदेश असा मागायचा: मला आणि मुलांना त्या दोन खोल्यांतून काढू नये, चूल, पाणी आणि वीज बंद करू नये. सासू-नणंदेविरुद्धही हा अर्ज होतो. २०१६ मध्ये हिरल हरसोरा यांच्या निकालाने प्रतिवादी केवळ पुरुषच असावा ही अट गेली. मात्र सासूला घराबाहेर काढण्याचा आदेश मिळत नाही, आणि मागूही नये असं मला वाटतं. त्या म्हातारीचा मुलगाच गेला आहे. वकिलासाठी पैसे लागत नाहीत. विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला आणि अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. आमची बाई दोन्ही आहे.

मर्यादाही सांगतो. या आदेशाने ती घराची मालकीण होत नाही. ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली सासू-सासऱ्यांनीही आपल्या बाजूने अर्ज केला तर दोन्ही कायदे एकत्र पाहून तोडगा काढावा लागतो, असं २०२० मध्ये एस. वनिता यांच्या खटल्यात ठरलं आहे. म्हणून राहण्याचा आदेश घेऊन थांबू नये. वारस नोंद सोबत चालवावी.

आता दुसऱ्या लग्नाचं. इथल्या जमातींत विधवेने पुन्हा घर करणं वावगं मानत नाहीत, पाट लागतो. शहरी मध्यमवर्गाला हे अभिमानास्पद वाटतं आणि ते खरंच आहे. पण पाटाच्या बदल्यात काय मागितलं जातं ते पाहायला हवं. ‘पोरं इथेच राहू दे, जमिनीचं नंतर बघू.’ सव्वीस वर्षांच्या बाईला ते मान्य करावं लागतं, आणि लेकरांचं घर तिच्यासाठी बंद होतं.

इतिहासातही हा व्यवहार झालेला आहे. विधवांचा पुनर्विवाह कायदेशीर करणारा १८५६ चा कायदा आपण शाळेत शिकलो. त्याचं दुसरं कलम फार कुणी शिकवत नाही: पुन्हा लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क जाई. १८९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने विठू विरुद्ध गोविंदा या प्रकरणात ठरवलं की ज्या जातींत पुनर्विवाह आधीपासून रूढीनेच मान्य होता, तिथेही हा हक्क जाईल. ज्या बायकांना त्या कायद्याची गरजच नव्हती त्यांचंच नुकसान त्याने केलं. तो कायदा १९८३ मध्ये रद्द झाला, आणि हिंदू वारसा कायद्याखाली नवऱ्याचा एकदा मिळालेला वाटा विधवेच्या पुनर्विवाहाने जात नाही, हे २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्कं केलं. पण पाड्यावर १८५६ चं ते दुसरं कलम अजून जिवंत आहे, कुणीही वाचलेलं नसताना.

मुलांचा वाटा तर तिच्या लग्नाशी जोडलेलाच नाही. तो त्यांच्या बापाकडून आला आहे. ती पाट लावून दुसऱ्या पाड्यावर गेली तरी सातबाऱ्यावर मुलांच्या नावापुढे पालक म्हणून तिचंच नाव राहू शकतं, आणि मुलं तिच्याकडे राहायची की आजीकडे हे न्यायालय मुलांच्या हिताकडे पाहून ठरवतं, काकाच्या सांगण्यावरून नाही. तिने स्वतःहून नाव काढून घेतलं तरच हे तुटतं. म्हणून पाट लावायच्या आधी, आणि दीर कितीही गोड बोलला तरी, हक्कसोडपत्रावर अंगठा देऊ नये, आणि अ.पा.क. बदलायच्या अर्जावर सही करू नये.

राहता राहिलं वावर. ती एकटी भाताची लावणी करू शकत नाही, दीरच जमीन कसणार, आणि यात गैर काही नाही. पण सातबाऱ्याच्या बारा नंबरात पीक कुणाच्या नावे दाखवलं जातं ते दर वर्षी बघावं लागतं. २०२१ पासून ई-पीक पाहणी खातेदाराला स्वतः मोबाइलवर करता येते. खातं तिचं असेल तर नोंद तिनेच करावी, मोबाइल कुणाचाही असला तरी. जून-जुलैत पेरलेल्या नागलीच्या फोटोसोबत तिच्या खात्यावर ती नोंद होते, आणि पुढल्या वर्षी तलाठ्यासमोर ती काढून दाखवता येते: ही माझी नागली, हे माझं खातं, ही तारीख.